दत्तकपत्रावर बायकोची सही कुठे असते?

दत्तकपत्राचा साचा ठरलेला असतो. वर मुद्रांक, मग 'लिहून घेणार' म्हणून दत्तक घेणाऱ्याचे नाव, वय, धंदा शेती, राहणार अमुक, तालुका आंबेगाव किंवा जुन्नर. त्याखाली 'लिहून देणार' म्हणून मुलाचा जनक पिता. मजकुरात वंश चालावा, म्हातारपणी आधार मिळावा, पिंडदान व्हावे वगैरे कारणे येतात. मुलाला नातेवाइकांसमक्ष मांडीवर दिले-घेतले असे एक वाक्य येते, आणि पुढे आजपासून मुलाचे नाव बदलल्याचा उल्लेख. शेवटच्या पानावर दोघांचे फोटो, सह्या, अंगठे आणि खाली दोन साक्षीदार. दत्तक घेणाऱ्याची बायको या कागदावर कुठे आहे ते शोधायला गेले, तर पुष्कळदा ती साक्षीदारांच्या रकान्यात सापडते. काही कागदांत तीही जागा तिला मिळालेली नसते.

कायदा मात्र तिला साक्षीदार मानत नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ याच्या कलम ७ नुसार बायको हयात असताना नवऱ्याने तिच्या संमतीशिवाय दत्तक घेतले, तर ते दत्तक मुळातच झालेले नसते. कलम ५ सांगते की या कायद्याच्या अटी मोडून घेतलेले दत्तक शून्यवत आहे. त्यातून मुलाला दत्तक घराण्यात हक्क मिळत नाही आणि जन्मघराण्यातला त्याचा हक्कही तुटत नाही. बायको कोणत्या रकान्यात सही करते हा म्हणूनच लेखनिकाच्या सवयीचा प्रश्न उरत नाही. त्यावर दत्तक उभे राहायचे की पडायचे हे ठरू शकते.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचा पूर्वभाग धरणांच्या पाण्यावर बागायती झाला. ऊस, कांदा, टोमॅटो पिकू लागले, जमिनीला भाव आला आणि दत्तकाचा प्रश्न जमिनीला चिकटला. मूल नाही म्हणून बाळ घरात आणणे ही गोष्ट वेगळी. इथे दिवाणी कोर्टात भांडणाला येते ते बहुधा दुसऱ्या प्रकारचे दत्तक: मुलगा नाही, मुलगी दिलेल्या घरी सुखात आहे, आणि भावाचा धाकटा मुलगा 'नावावर' घ्यायचा आहे. असे एक दत्तक सुरुवातीपासून तपासून पाहू. माणसे कल्पित आहेत, कायदा खरा.

घोड नदीकाठचे गाव. शेतकरी अठ्ठावन्न वर्षांचा, बायको बावन्नची, एक मुलगी लग्न होऊन नारायणगावला. चार एकर वडिलोपार्जित जमीन, सामाईक विहीर. धाकट्या भावाला दोन मुलगे, त्यातला लहान सतरा वर्षांचा, अविवाहित. त्याला दत्तक घ्यायचे ठरले आहे.

पहिला प्रश्न पात्रतेचा. घेणारा सज्ञान हवा, शुद्धीवर हवा, दोन्ही आहे. मुलगा दत्तक घ्यायचा तर त्याला हयात हिंदू मुलगा, मुलाचा मुलगा किंवा त्याचाही मुलगा असता कामा नये. लोकांचा गोंधळ इथेच होतो. मुलगा वारला म्हणून दत्तक घेता येते असे समजतात, पण त्या मुलाचा मुलगा हयात असेल तर वाट बंद. उलट मुलगी आहे म्हणून मुलगा दत्तक घेता येत नाही असेही काहींना वाटते, तेही चूक. मुलगी किंवा मुलीचा मुलगा असण्याने मुलगा दत्तक घ्यायला अडथळा येत नाही. आपल्या शेतकऱ्याला फक्त मुलगी आहे, तेव्हा तो पात्र.

मुलाचीही पात्रता पाहावी लागते. तो हिंदू हवा, आधी कुणाला दत्तक गेलेला नको, लग्न झालेले नको आणि वयाची पंधरा वर्षे पूर्ण झालेली नकोत. शेवटच्या दोन अटींना कायद्याने रूढीची सूट ठेवली आहे. आपला मुलगा सतराचा आहे. दुसऱ्या एखाद्या राज्यात याच जागी दत्तक अडले असते आणि रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागली असती. जुन्या मुंबई इलाख्यात कोणत्याही वयाच्या माणसाला दत्तक घेण्याची रूढी कोर्टांनी फार पूर्वीपासून मानलेली आहे. कोंडिबा रामा पापळ यांच्या प्रकरणात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती मान्य केली. सतराव्या वर्षाचे दत्तक इथे वयामुळे पडत नाही.

रूढीने न सुटणारी वयाची एक अट मात्र आहे, आणि विधवेच्या दत्तकात ती हमखास विसरली जाते. स्त्रीने मुलगा दत्तक घेतला किंवा पुरुषाने मुलगी, तर दोघांच्या वयात किमान एकवीस वर्षांचे अंतर लागते. अडतीस वर्षांच्या विधवेने अठरा वर्षांच्या पुतण्याला मांडीवर घेतले, तर अंतर वीस वर्षांचे. तिथे रूढी उपयोगी पडत नाही, भावकीचे एकमत उपयोगी पडत नाही, नोंदणीही उपयोगी पडत नाही. शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्डावरची जन्मतारीख आधी शेजारी ठेवून पाहावी, एवढाच त्यावर उपाय.

पात्रतेच्या या साऱ्या अटी बाहेरच्या माणसाला तपासता येतात. वय दाखल्यावर असते, मुलगा-नातू आहे की नाही हे गाव सांगते. संमती तशी तपासता येत नाही. ती माणसाच्या मनात असते आणि कागदावर तिची फक्त खूण उमटते. माझ्या मते दत्तकाच्या वादांचे मूळ इथे आहे, आणि आपला कायदा नेमका इथे अर्धवट राहिला आहे.

आपल्या उदाहरणात संमती दोन बायकांची लागते, हेही पुष्कळांच्या ध्यानात नसते. एक घेणाऱ्याची बायको. दुसरी देणाऱ्याची बायको, म्हणजे मुलाची जन्मदाती. २०१० सालापर्यंत मुलाला देण्याचा मूळ हक्क बापाचा होता आणि आईने संमती द्यायची होती. त्या वर्षीच्या दुरुस्तीने आई आणि बाप दोघांना मुलगा-मुलगी देण्याचा सारखाच हक्क दिला. एकाने दिले तर दुसऱ्याची संमती हवी. त्याच दुरुस्तीने विवाहित स्त्रीलाही स्वतः दत्तक घेण्याचा हक्क मिळाला, नवऱ्याच्या संमतीच्या अटीवर. संमतीला अपवाद तीनच: जोडीदाराने पूर्णपणे संन्यास घेतला असेल, तो हिंदू राहिला नसेल किंवा सक्षम कोर्टाने त्याला विकल मनाचा ठरवले असेल. बायको माहेरी राहते, नवऱ्याशी बोलत नाही, पोटगीचा दावा चालू आहे, ही कारणे या यादीत नाहीत. वेगळी राहणारी बायको कायद्याने बायकोच असते आणि तिची संमती लागतेच.

बायको समारंभाला हजर होती, तिने कुंकू लावले, ओवाळले, मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, तर ती संमती झाली का? घिसालाल विरुद्ध धापूबाई या मध्य प्रदेशातून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली याचे उत्तर दिले. बायको नुसती हजर होती आणि तिने विरोध केला नाही, यावरून संमती गृहीत धरता येत नाही. ती लेखी तरी हवी, किंवा तिने स्वतःहून, समजून केलेल्या एखाद्या ठोस कृतीतून दिसायला हवी. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. ज्या घरात भाऊबंद, पुरोहित, गावची जाणती माणसे जमली आहेत, तिथे बावन्न वर्षांच्या बाईने उठून 'मला हे मान्य नाही' म्हणावे अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे तिचा हक्क कागदावरच ठेवणे होय. तिच्या गप्प बसण्याला होकार न म्हणणारे कोर्ट तिची परिस्थिती ओळखून बोलते आहे.

याच कायद्याचे कलम १६ मात्र उलट्या दिशेने ओढते. दत्तकाची नोंद करणारा दस्त नोंदणीकृत असेल आणि त्यावर देणाऱ्याची व घेणाऱ्याची सही असेल, तर दत्तक सर्व अटी पाळून झाले असे कोर्टाने गृहीत धरावे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. हे कलम पुन्हा वाचले की खटकते. सही कुणाची हवी? देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. संमती देणाऱ्या जोडीदाराची सही कलमाने मागितलेलीच नाही. म्हणजे नवरा आणि त्याचा भाऊ दुय्यम निबंधकासमोर दोन सह्या करून आले, की बायकोची संमती होती असेही गृहीत धरले जाईल, आणि नव्हती हे दाखवण्याचे ओझे बायकोवर पडेल. न दिलेल्या संमतीचा पुरावा ती कुठून आणणार? घडलेल्या गोष्टीला साक्षीदार मिळतात, न घडलेल्या गोष्टीला ते शोधावे लागतात.

कोर्टांनी आपापल्या परीने ही फट बुजवली आहे. काशीबाई विरुद्ध पार्वतीबाई या १९९५ च्या निकालात मृताच्या दोन बायका होत्या. एकीची संमती सिद्ध झाली नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने दत्तक मानले नाही. कायद्याला एकाहून अधिक बायका असल्यास सर्वांची संमती लागते. वनजा विरुद्ध सरला देवी या २०२० च्या निकालातही बायकोची संमती आणि प्रत्यक्ष देणे-घेणे या दोन अटी पुराव्याने सिद्ध व्हाव्या लागतात, असेच न्यायालयाने सांगितले. पण या निकालांपर्यंत पोचायला त्या बायकांना तालुक्यापासून दिल्लीपर्यंत जावे लागले. २०१० साली संसदेने आईबापाचे हक्क सारखे केले तेव्हा कलम १६ मध्ये 'संमती देणाऱ्याची सही' एवढे तीन शब्द घालता आले असते. ते राहून गेले आणि अजून राहिलेलेच आहेत.

ती सुधारणा होईपर्यंत घोडेगाव, मंचर किंवा जुन्नरला दस्त लिहिणाऱ्या वकिलाने आणि लेखनिकाने काय करावे, हे सांगता येण्यासारखे आहे. बायकोला साक्षीदारांत बसवू नये. साक्षीदार फक्त सही होताना पाहिल्याचे सांगतो. मजकूर त्याला मान्य आहे किंवा माहीत आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. त्यामुळे साक्षीच्या सहीवरून संमती सिद्ध करायला जाणारा वकील तिथेच अडकतो. 'संमती देणार' म्हणून दोन्ही बायकांचे स्वतंत्र रकाने करावेत, त्यांचेही फोटो आणि अंगठे घ्यावेत. मजकूर मराठीत तिला वाचून दाखवला आणि समजला, असे तिच्या तोंडचे वाक्य घालावे. संमती दत्तकाच्या आधीची असल्याचे तारखेवरून दिसावे. नंतर घेतलेल्या सहीने आधीचे शून्यवत दत्तक जिवंत होत नाही.

दस्त म्हणजे दत्तक नव्हे, हेही इथेच सांगायला हवे. महाराष्ट्रात दत्तकाला लेखाची सक्ती नाही. दत्तक होते ते मुलाला प्रत्यक्ष देण्या-घेण्याने, जन्मघरातून दत्तक घरात पाठवण्याच्या हेतूने. दत्तहोमाची गरज कायद्याने ठेवलेली नाही. पण देणे-घेणे झालेच नसेल, तर नोंदणीकृत कागद कितीही चकचकीत असो, तो न घडलेल्या गोष्टीची नोंद ठरतो. उलटतपासणीत प्रश्न साधे असतात. कार्यक्रम कुणाच्या घरी झाला? मुलगा कुठे बसला होता? दिला कोणी, घेतला कोणी? त्यानंतर तो राहिला कुठे, शाळेच्या दाखल्यावर कुणाचे नाव लागले, रेशनकार्डावर तो कुणाच्या घरात आहे? दत्तकपत्रानंतर पाच वर्षे मुलगा जन्मदात्याच्याच घरी जेवत असेल आणि दाखल्यावर जुनेच नाव असेल, तर ते दत्तक कागदापुरते होते असा संशय कोर्टाला येणारच.

हे देणे-घेणे आणि त्यातली बाईची मर्जी, यांवर पुण्यातला एक खटला चौदा वर्षे चालला. सरदार बाबा महाराज पंडित १८९७ साली वारले आणि मृत्युपत्रात त्यांनी लोकमान्य टिळकांसह काही जणांना विश्वस्त नेमले. नंतर जन्मलेला मुलगा दगावला, तेव्हा तरुण विधवा ताई महाराज यांनी दत्तक घ्यायचे ठरले. जून १९०१ मध्ये विश्वस्तांसोबत औरंगाबादला जाऊन पंडित घराण्याच्याच एका शाखेतला जगन्नाथ हा मुलगा दत्तक घेतला गेला, असे टिळकांचे म्हणणे. ताई महाराज पुण्याला परतल्या, आणि ऑगस्टमध्ये त्यांनी कोल्हापूरच्या बाळा महाराजांना दत्तक घेतले. औरंगाबादला देणे-घेणे पूर्ण झालेच नव्हते, असा त्यांच्या बाजूचा दावा होता. यातून टिळकांवर फौजदारी खटला झाला, १९०३ साली शिक्षा झाली आणि १९०४ साली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दिवाणी दाव्यात पुण्याच्या कोर्टाने औरंगाबादचे दत्तक मानले, मुंबई उच्च न्यायालयाने ते फिरवले आणि १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलने पुन्हा मानले. ताई महाराज तोवर हयात नव्हत्या.

मराठी माणूस हा खटला टिळकांच्या निर्दोषत्वासाठी लक्षात ठेवतो, आणि ते योग्यच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एका तरुण विधवेभोवती आधी विश्वस्त आणि मग दुसऱ्या बाजूचे हितसंबंधी, असे कर्ते पुरुष उभे राहिले. तिची मर्जी कोणती, हे तिच्याऐवजी प्रत्येक बाजूने सांगितले. जून आणि ऑगस्ट यांतली तिची खरी इच्छा कोणती होती, हे न्यायाधीशांना तारा, पत्रे आणि इतरांच्या साक्षी यांतून शोधावे लागले. इतक्या मोठ्या घराण्यात, इतक्या जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली झालेल्या दत्तकात एका बाईची संमती चौदा वर्षे वादात राहू शकते, तर गावच्या दत्तकात साक्षीदारांच्या रकान्यातल्या अंगठ्याचे काय होईल?

घोडकाठच्या उदाहरणाकडे परत येऊ. समजा दोन्ही बायकांनी खरोखर, लेखी संमती दिली, मुलगा दिला-घेतला गेला, दस्त नोंदला गेला. दत्तक वैध. मग नारायणगावच्या मुलीचे काय? दत्तक घेतले की मुलीचा हिस्सा संपला, असे समजून पुष्कळ दत्तके होतात. ते खरे नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मतःच मुलासारखा हक्क आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीवेळी वडील हयात असण्याची गरज नाही, हे विनीता शर्मा प्रकरणात २०२० साली ठरले आहे. दत्तक मुलाने वाटेकरी एक वाढतो, मुलगी त्यातून बाहेर पडत नाही. जमीन स्वकष्टार्जित असेल तर ती पुतण्याला मृत्युपत्राने देता येते, त्यासाठी दत्तकाची गरज नाही. आणि दत्तक घेतल्यावरही बाप ती जमीन दुसऱ्याला देऊ शकतो, कारण तसा करार नसेल तर कलम १३ त्याचा हक्क कायम ठेवते. मुलीला बाजूला ठेवणे हाच हेतू असेल, तर दत्तक हे त्याचे साधन नाही. एकदा वैध झालेले दत्तक रद्दही करता येत नाही, दोघांनी मिळून ठरवले तरी.

सातबाऱ्यावरच्या फेरफाराचाही असाच गैरसमज आहे. तलाठ्याकडे दत्तकपत्र दिले, नोटीस निघाली, हरकतीचे पंधरा दिवस गेले, नोंद मंजूर झाली, म्हणजे दत्तक सिद्ध झाले असे मानतात. फेरफार महसुलासाठी असतो. बायकोने किंवा मुलीने हरकत घेतली नाही म्हणून तिची संमती होती, असे त्यातून निघत नाही.

हे झाले तालुक्यांच्या पूर्वेचे. पश्चिमेला भीमाशंकर, आहुपे, नाणेघाटाच्या बाजूला महादेव कोळी, ठाकर, कातकरी राहतात, आणि तिथे हा १९५६ चा कायदाच लागू होत नाही. कलम २ (२) नुसार अनुसूचित जमातींना तो लागू नाही, केंद्र सरकारने अधिसूचना काढली तरच लागू होईल. म्हणजे घोडेगावच्या एकाच दिवाणी न्यायालयात सकाळी बागायतदाराचे दत्तक कलम ७ वर तपासले जाईल आणि दुपारी महादेव कोळी कुटुंबाचे दत्तक त्यांच्या रूढीवर. त्या रूढीत बायकोची संमती लागते का, मुलाच्या आईला विचारतात का, हे पुराव्याने सांगावे लागते, आणि साक्ष देणारे बहुधा जमातीतले वडीलधारे पुरुषच असतात. नोंदणीकृत दस्ताचे कलम १६ चे गृहीतकही इथे नाही. जमातीच्या रूढीचा मान राखावा हे मला मनापासून पटते. पण बाईच्या संमतीचा प्रश्न पुरुषांच्या साक्षीवर सोपवणे मला पटत नाही, आणि अधिसूचना काढायची की नाही याचा विचार करताना सरकारने जमातीतल्या बायकांना विचारले पाहिजे.

तोवर अशा कुटुंबासाठी एक वाट खुली आहे. बाल न्याय कायदा, २०१५ धर्म किंवा जमात पाहत नाही. काका, मामा, आत्या, मावशी, आजी-आजोबा यांना नात्यातले अठरा वर्षांखालचे मूल या कायद्याखाली दत्तक घेता येते. जोडपे घेत असेल तर दोघांची संमती लागते आणि जाणत्या मुलालाही विचारले जाते. १९५६ च्या कायद्यात मात्र मुलाची इच्छा विचारात घेण्याचा उल्लेख पालकामार्फत, कोर्टाच्या परवानगीने होणाऱ्या दत्तकापुरताच आहे. आपल्या उदाहरणातल्या सतरा वर्षांच्या मुलाला कुणी विचारले पाहिजे, असे तो कायदा म्हणत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बाल न्याय कायद्याखालचा आदेश जिल्हाधिकारी देतात. आहुप्याच्या माणसाला त्यासाठी पुण्याच्या कार्यालयापर्यंत जावे लागते. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. तिथे या अर्जांना मदत करणारा एक माणूस नेमला, तर पुण्याची निम्मी खेप वाचेल.